उघडलेला ज्यूस, सोया दूध, नारळाचं दूध: फ्रिजमध्ये नक्की किती दिवस?

आधी उत्तर, मग कारणं. पाकीट उघडल्यावर लगेच बंद करून 5 अंशांखालच्या फ्रिजमध्ये ठेवलं, तर फळांचा ज्यूस 5 दिवस, सोया दूध 3 ते 4 दिवस आणि नारळाचं दूध 2, फार तर 3 दिवस वापरावं. पाकिटावर यापेक्षा कमी दिवस छापले असतील तर पाकिटाचंच ऐकायचं. जास्त छापले असतील, तर आपला फ्रिज खरंच तेवढा थंड आहे का ते आधी तपासायचं. परदेशी सोया दुधाच्या पाकिटांवर 7 ते 10 दिवस लिहिलेलं दिसतं. तो आकडा सतत 4 अंशांच्या आसपास राहणारा फ्रिज गृहीत धरून दिलेला असतो. मुंबईत मे महिन्यात दिवसातून पन्नासदा उघडणाऱ्या सिंगल डोअर फ्रिजला तो लावता येत नाही.

पाकिटावरची 'बेस्ट बिफोर' तारीख फक्त न उघडलेल्या पाकिटाची असते. झाकण फिरवलं की ती संपली. "अजून सहा महिने आहेत की" म्हणत आठवड्यापूर्वी उघडलेलं नारळाचं दूध आमटीत ओतणं, ही या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

पाकीट बाहेर टिकतं, मग उघडल्यावर का नाही?

टेट्रापॅक महिनोन्‌महिने बाहेर टिकतं म्हणजे त्यात भरपूर प्रिझर्व्हेटिव्ह असणार, असा अनेकांचा समज असतो. खरं काम उष्णतेचं आणि बंदिस्तपणाचं असतं. सोया दूध किंवा नारळाचं दूध काही सेकंदांसाठी 135 अंशांच्या वर तापवतात, लगेच थंड करतात आणि निर्जंतुक केलेल्या पाकिटात हवा लागू न देता भरतात. कागद, प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमच्या पातळ थरांमुळे हवा, उजेड आणि जंतू बाहेरच राहतात. म्हणजे आत वाढायला कोणी नसतंच.

पाकीट उघडलं की हवा, आपला हात, कात्री, पेल्याची कड या सगळ्यांतून जंतू आत जातात. त्यांच्याशी लढायला आत आधीपासून कोणी नसतं आणि खायला भरपूर असतं. त्या क्षणापासून ते दूध घरी वाटून काढलेल्या ताज्या दुधाइतकंच नाजूक समजायचं.

मग तिघांचे दिवस वेगळे का? फरक आंबटपणाचा आहे. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्टीवर 4.6 ही महत्त्वाची रेघ आहे. पीएच तिच्या खाली असेल, म्हणजे पदार्थ तेवढा आंबट असेल, तर आजारी पाडणाऱ्या बहुतेक जंतूंना तिथे वाढता येत नाही. संत्रं, अननस, सफरचंद यांचे ज्यूस या रेघेच्या बरेच खाली असतात. नारळाचं दूध साधारण 6 वर आणि सोया दूध 7 च्या जवळ, म्हणजे जवळपास गाईच्या दुधासारखं. म्हणून ज्यूस बिघडतो तो बहुधा यीस्ट आणि बुरशीने. तो आंबतो, फसफसतो आणि बिघडल्याचं कळतं तरी. सोया आणि नारळाच्या दुधात मात्र वास न बदलता वाढणारे जंतूही असू शकतात. दिवस मोजायची गरज तिथे जास्त आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाकिटावर 'ज्यूस' लिहिलं म्हणजे ते आंबट असेलच असं नाही. गाजराचा ज्यूस, दूध घातलेला फळांचा शेक किंवा शहाळ्याच्या पाण्याचं पाकीट आंबट नसतं. त्यांना ज्यूसचे 5 दिवस देऊ नका. ती एक-दोन दिवसांत संपवा. आणि दुकानात मुळातच फ्रिजमध्ये ठेवलेला ज्यूस असेल, तर तो न उघडताही सतत थंडच राहिला पाहिजे.

आधी फ्रिज तपासा

सगळे दिवस फ्रिजच्या तापमानावर अवलंबून आहेत, आणि फ्रिजच्या नॉबवरचे 1 ते 5 किंवा 1 ते 7 हे आकडे अंश नसतात. आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त, एवढाच त्यांचा अर्थ. खरं तापमान कळायला साधं थर्मामीटर लागतं. पाण्याने भरलेल्या पेल्यात ते बुडवून पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी फ्रिज पहिल्यांदा उघडताच आकडा वाचा. 4 असेल तर उत्तम, 5 चालेल. 7-8 असेल तर नॉब एक आकडा वाढवा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. हवेत टांगलेलं थर्मामीटर दार उघडताक्षणी भराभर वर चढतं, म्हणून पाण्यात मोजायचं.

हे दोन-तीन अंश एवढे का महत्त्वाचे? हातावरून आणि नाकातून अन्नात येणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू साधारण 7 अंशांच्या पुढे वाढू लागतो आणि 10 अंशांच्या आसपास विष तयार करू लागतो. 4 अंशांना तो गप्प पडून राहतो. म्हणजे नुसतं 'हाताला गार लागतंय' हे पुरेसं नाही. 10 अंशांचं दूधही हाताला गारच लागतं.

नॉब वाढवूनही थंडी येत नसेल तर दाराचं रबर बघा. दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार बंद करा आणि ओढा. ती सहज सुटून आली तर तिथून थंडी बाहेर जाते आहे. चारही बाजूंना करून बघा. खालच्या कोपऱ्यात रबर काळं पडून सैल झालेलं बऱ्याचदा सापडतं. साबणाच्या पाण्याने पुसून फरक पडला नाही तर रबर बदलावं लागतं. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरवर बर्फाचा जाड थर चढला असेल तरी खालच्या कप्प्यांना थंडी कमी मिळते. मात्र डीफ्रॉस्टचं बटण दाबायचा दिवस विचारपूर्वक निवडा. बर्फ वितळेपर्यंत फ्रिज थंडी थांबवतो आणि सगळा माल कोमट होऊ लागतो. उघडलेली पाकिटं संपल्यावरच ते काम काढा.

जागाही महत्त्वाची. बाटल्यांसाठी दारात कप्पे दिलेले असतात, म्हणून ज्यूसचं पाकीट तिथेच जातं. पण दार हा फ्रिजचा सगळ्यात उबदार भाग, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातली हवा आधी त्यालाच लागते. आंबट ज्यूसला तिथे चालून जाईल. सोया आणि नारळाचं दूध मात्र मधल्या किंवा खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. शेजारी गरम आमटीचं पातेलं नको.

उघडताना

उघडण्याआधी पाकीट बघा. फुगलेलं, कोपऱ्यात ओलसर किंवा बारीक भोक पडलेलं असेल तर उघडूच नका. पाकीट फुगतं ते आत जंतू वाढून वायू झाल्यामुळे. चांगल्या पाकिटाचा वरचा भाग पाण्याने धुऊन कोरडा पुसा. गोदामात आणि दुकानाच्या माळ्यावर उंदीर-झुरळं फिरलेली असतात, पावसाळ्यात तर जास्तच, आणि ओतताना दूध त्याच भागावरून वाहतं.

मग पाकीट नीट हलवा. सोया दुधात वरून घातलेलं कॅल्शियम तळाला बसतं आणि नारळाच्या दुधाची साय वर येते. न हलवता ओतलं तर पहिल्या पेल्यात पाणी आणि शेवटच्यात गाळ येतो.

फिरकीचं झाकण असेल तर दूध त्याच पाकिटात ठेवलं तरी चालतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. कोपरा कात्रीने कापायचा असेल तर कात्री साबणाने धुऊन घ्या. पिशव्या, मिरच्या आणि कोथिंबीर कापणारी कात्री तशीच वापरू नका. कापलेलं पाकीट पुन्हा बंद होत नाही. वर रबरबँड किंवा क्लिप लावून काम भागत नाही. उरलेलं दूध लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काढा. बाटली धुऊन, उकळत्या पाण्याने खळखळून, पूर्ण गार आणि कोरडी झालेली हवी. डब्यातलं नारळाचं दूध असेल तरी हेच. पत्र्याच्या उघड्या डब्यात ते ठेवू नका.

पाकिटाला तोंड लावून कोणी प्यायलं असेल तर ते पाकीट त्याच दिवशी संपवायचं. थुंकीतले जंतू थेट आत गेलेले असतात.

आणि तारीख लिहा. नुसता वार नको, कारण 'शनिवार' कोणता हे पुढच्या आठवड्यात आठवत नाही. पाकिटावर मार्करने किंवा बाटलीवर चिकटपट्टी लावून 'उघडलं 16/5, दुपारी 12' असं लिहा. घरात चार माणसं फ्रिज उघडत असतील तर 'संपवा 18/5' हेही लिहा, म्हणजे कोणाला हिशोब करावा लागत नाही.

ओट्यावरचा वेळ

अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. थंड ठेवायचा पदार्थ एकूण 2 तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तास, हा नियम आहे. मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दोन शेगड्या पेटल्या की स्वयंपाकघर 32 च्या वर सहज जातं. म्हणून सोया आणि नारळाच्या दुधासाठी वर्षभर 1 तासच धरा.

'एकूण' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सकाळच्या कॉफीला पंधरा मिनिटं, दुपारी वीस, रात्री पंधरा, असा सगळा वेळ बेरजेत येतो. शिवाय पाकीट परत फ्रिजमध्ये ठेवल्यावर दूध लगेच गार होत नाही, तो वेळही वाढीचाच. उपाय सोपा आहे: लागेल तेवढं ओता, पाकीट लगेच आत ठेवा, मग कॉफी करा. आणि पेल्यात उरलेलं परत पाकिटात कधीही ओतू नका.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका. दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण 4 तास पुरेसा थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर उघडलेलं सोया आणि नारळाचं दूध टाकून द्या.

बिघडलंय की नुसतं वेगळं दिसतंय?

चांगलं नारळाचं दूध विनाकारण फेकलं जातं आणि खराब झालेलं वापरलं जातं, दोन्ही याच ठिकाणी.

नारळाचं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की वर पांढरा घट्ट थर आणि खाली पाणी दिसतं. ते नासलेलं नाही. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठतं, थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठतं तसंच. नारळाच्या दुधातली चरबी तीच. लागेल तेवढं कोमट करून ढवळलं की एकजीव होतं. बिघडल्याच्या खुणा वेगळ्या: आंबूस किंवा खवट वास, साबणासारखी चव, चमच्याला सुटणारी तार, कडेला गुलाबी, करडे किंवा हिरवट डाग. साबणाची चव येते ती चरबी फुटून तिच्यातली आम्लं मोकळी झाल्यामुळे. यातली एक खूण दिसली तरी पूर्ण बाटली टाका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही.

शंका असेल तर दोन चमचे दूध छोट्या कढल्यात मंद आचेवर, मीठ किंवा कोकम न घालता गरम करा. चांगलं दूध गुळगुळीत राहतं, फार तर तेलाचे बारीक थेंब दिसतात. आंबलेलं दूध गरम होताच कण-कण होऊन पाणी सोडतं. आच मंदच हवी, कारण खळाखळा उकळलं तर चांगलं नारळाचं दूधही फुटतं. सोया दुधाचीही परीक्षा अशीच करा, कॉफीत घालून नको. कॉफी आंबट आणि गरम असते, त्यामुळे ताजं सोया दूधही तिच्यात फाटल्यासारखं होतं. सोया दुधाचा सोयाबीनसारखा कच्चट वास मूळचाच असतो. आंबट वास, कडवट चव किंवा झाकण उघडताना येणारा फुस्स आवाज मात्र बिघाडाचा.

ही परीक्षा एकाच बाजूने खरी आहे. दूध फाटलं तर ते गेलं. न फाटलं म्हणून दिवस वाढत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि वास, चव, रूप काहीच बदलत नाही. गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा केमोथेरपीसारखे उपचार चालू असलेलं कोणी घरात असेल, तर नारळाचं दूध 2 दिवस आणि सोया दूध 3 दिवस ही त्यांच्यासाठी शेवटची मर्यादा धरा.

ज्यूसचं पाकीट उघडताना वायू सुटला, चव दारूसारखी झणझणली किंवा पाकीट फुगलं, तर यीस्टने तो आंबवला आहे. झाकणाखाली बुरशीचे तंतू दिसले तर गाळून पिऊ नका. पाकिटातून आतलं दिसत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसापासून ज्यूस थेट प्यायच्या ऐवजी आधी पारदर्शक पेल्यात ओतून बघा.

उकळून ठेवलं तर?

आपल्याकडे दूध उकळून ठेवायची सवय आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. तिसऱ्या दिवशी सोया दूध उकळलं तर पुढे तीन दिवस मिळतात का? नाही. उकळल्याने जिवंत जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसने आधीच तयार केलेलं विष उकळूनही तसंच राहतं. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतून वाचतात, आणि पातेलं ओट्यावर दोन तास निवत ठेवलं की त्यांना वाढायला हवं तेच तापमान मिळतं. म्हणून उघडल्यावर मोजलेले दिवस उकळून पुन्हा सुरू होत नाहीत. त्या दुधाची सोलकढी, आमटी किंवा खीर केली तरी त्या पदार्थाचे दिवस दुधाच्या उरलेल्या दिवसांपेक्षा जास्त धरू नका. सोलकढीतल्या कोकमाच्या आंबटपणावर विसंबून तर मुळीच नाही; कढी किती आंबट झाली हे घरी मोजता येत नाही.

एक हिशोब

समजा शनिवारी दुपारी 12 वाजता सोलकढीसाठी नारळाच्या दुधाचं 1 लिटरचं पाकीट उघडलं. कढीला 400 मिली लागलं, 600 उरलं. रविवारी काही बेत नाही, सोमवारी रात्री माशांच्या कालवणाला 200 मिली लागेल.

उरलेलं 600 तसंच ठेवलं तर सोमवारी 200 वापरून 400 मिली उरतं, आणि मंगळवारी दुपारी 12 ला तीन दिवस पूर्ण होतात. ते बहुधा फेकावंच लागणार. म्हणून शनिवारी, ताजं असतानाच, वाटणी करा. सोमवारचं 200 मिली उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या बाटलीत, मागच्या कप्प्यात. उरलेलं 400 मिली बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. साधारण दोन मोठे चमचे मावणाऱ्या खणात 30 मिली बसतं, म्हणजे तेरा-चौदा खण. ट्रे झाकून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी तुकडे घट्ट पिशवीत काढा, हवा दाबून काढा आणि तारीख लिहा. गोठवण्याचं काम पहिल्याच दिवशी करायचं. गोठवल्याने वाढ थांबते, झालेला बिघाड मागे जात नाही.

हे तुकडे दोन महिन्यांत वापरा. वितळल्यावर दूध फुटल्यासारखं दिसेल, कारण बर्फाने चरबी आणि पाणी वेगळं केलेलं असतं. सोलकढीत ते दाणेदार लागतं, त्यामुळे तिथे नको. कालवण, उसळ, स्ट्यू यांत गोठलेला तुकडा थेट शेवटी टाका आणि मंद आचेवर ढवळा, फरक कळत नाही. सोया दूधही गोठवता येतं, पण वितळल्यावर प्यायला रवाळ लागतं. ते पीठ भिजवायला किंवा सूपमध्ये घालायला वापरा. वितळवायचं असेल तर ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि वितळलेलं त्याच दिवशी संपवायचं.